डोळ्यात मलम घालताना : किती, कुठे आणि नंतरचे धूसर दिसणे

अश्विन-कार्तिकात भातकापणी सुरू झाली, की जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरून डोळ्याचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. भाताचे पाते कडेला करवतीसारखे खरखरीत असते. वाकून कापताना ते सपकन डोळ्याला लागते, किंवा झोडणीच्या वेळी कुसळ उडून आत जाते. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा जंतुनाशक मलमाची एक लहानशी ट्यूब देतात. ट्यूब हातात पडली म्हणजे काम झाले असे आपण धरून चालतो, पण ती घरी कशी वापरली जाते हे फार थोड्या वेळा कोणी विचारते. गेल्या हंगामातली एक गोष्ट मी येथे सांगते. त्या एका रुग्णाकडून आम्हीच पुष्कळ शिकलो.

पंचेचाळिशीचे एक काका होते. उजव्या डोळ्याला पाते लागून दुसऱ्या दिवशी आले. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळ्या रंगाचे औषध घालून निळ्या उजेडाखाली पाहिले. जेथे ओरखडा असतो तेथे हा रंग हिरवा चमकतो. बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर एक बारीक हिरवी रेघ दिसली. पांढरा ठिपका नव्हता, पू नव्हता. क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्क्याचे मलम दिवसातून ४ वेळा, ५ दिवस, असे लिहून दिले आणि तिसऱ्या दिवशी दाखवायला बोलावले. काका आले ते चौथ्या दिवशी, आणि हातात जवळजवळ भरलेली ट्यूब.

“सिस्टर, एकदा लावला मलम. डोळ्यापुढे नुसतं धुकं. मला वाटलं, डोळा जातो आता. म्हणून सोडला.”

मी त्यांना तेथेच ट्यूब देऊन म्हटले, काका, त्या दिवशी कसे लावलेत ते मला करून दाखवा. त्यांनी बोटावर दोन पेरे लांब मलम पिळले आणि मिटलेल्या पापणीवर, वरून, मालीश केल्यासारखे फासले. घरीही असेच केले होते. नंतर चोळलेही होते. त्यातले थोडे पापण्यांच्या फटीतून आत गेले, बाकीचे केसांवर आणि गालावर राहिले. आत गेले तेवढ्याने दिसणे धूसर झाले, आणि ओरखड्याला औषध नीट मिळालेच नाही. किती घ्यायचे, कुठे घालायचे आणि घातल्यावर काय होईल, या तिन्ही गोष्टी आम्ही त्यांना सांगितल्या नव्हत्या. चिठ्ठीवर फक्त ‘४ वेळा’ होते. चूक त्यांची नव्हती.

आधी मापाचे पाहू. मोठ्या माणसाच्या एका डोळ्याला एका वेळी साधारण १ सेंटिमीटर लांबीची मलमाची बारीक वात पुरते. आमच्याकडे मी ते असे सांगते : तुसासकट भाताचा एक दाणा, तेवढीच लांबी. हे माप शेतकरी माणसाला पुन्हा सांगावे लागत नाही. जास्त घातल्याने जास्त गुण येत नाही, कारण खालच्या पापणीच्या आत जी खोबण असते तिच्यात मावतेच थोडे. उरलेले मलम पापण्यांच्या केसांवर ढकलले जाते, चिकटून बसते, त्यावर धूळ बसते आणि दिसणे अधिक वेळ धूसर राहते. काकांनी घेतलेल्या दोन पेरांत चार-पाच वेळचे मलम गेले होते.

आता जागा. मलम बुबुळावर घालायचे नाही, आणि पापणीच्या बाहेरच्या कातडीवरही नाही. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढली की आतल्या गुलाबी बाजूला एक लहान खिसा उघडतो. मलमाची वात त्या खिशात, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे आडवी ठेवायची. डोळा मिटला की अंगाच्या उबेने मलम वितळते, अश्रूत मिसळते आणि पापणी लवते तसतसे ते बुबुळभर पसरते. म्हणजे ओरखडा कुठेही असला तरी औषध तेथे आपोआप पोहोचते. ओरखडा नेमका शोधून त्यावर मलम टेकवण्याची गरज नाही आणि तसा प्रयत्न करूही नये, कारण ट्यूबचे टोक बुबुळाला लागले तर नवा ओरखडा पडतो.

हे एकट्याने करणे पहिल्या दिवशी अवघड जाते. म्हणून मी काकांच्या बायकोला, काकींना, पुढे बोलावले आणि त्यांच्याकडून करून घेतले. आधी साबणाने हात धुवायचे. भातावरून आलेल्या हातांवर बारीक कूस असते, ती नखांत राहते, म्हणून नखे घासून. डोळ्यात काजळ असेल तर आधी पुसून काढायचे. चिकटा साचला असेल तर पाणी उकळून गार करायचे, त्यात स्वच्छ मऊ सुती कापडाचा तुकडा भिजवायचा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचे. दुसऱ्यांदा पुसायला दुसरा तुकडा. तोच तुकडा दुसऱ्या डोळ्याला लावायचा नाही.

मग काकांना बाजेवर उताणे निजवले. बसून करायचे तर मान मागे टाकावी लागते. काकींनी ट्यूब पेन धरतो तशी धरली आणि त्या हाताची करंगळी काकांच्या कपाळावर टेकवली. हा टेकू फार उपयोगी, त्यामुळे हात थरथरत नाही, आणि काकांनी डोके हलवले तर हातही त्यासोबत हलतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने खालची पापणी ओढली. काकांना सांगितले, वर आढ्याकडे बघा. वर बघितले की बुबुळ वरच्या बाजूला सरकते, खालचा खिसा मोकळा राहतो, आणि ट्यूब जवळ येताना दिसत नाही म्हणून डोळा दचकून मिटत नाही. ट्यूबचे टोक डोळ्यापासून एका बोटाच्या रुंदीएवढे वर ठेवून हळू दाबले, भाताच्या दाण्याएवढी वात खिशात पडू दिली, आणि ट्यूब थोडी फिरवली. फिरवली की वात तुटते. बोटाने तोडू नये.

पहिल्या खेपेला काकींची वात अर्धी गालावर पडली. गालावरची उचलून पुन्हा आत घालायची नाही, ती पुसून टाकायची. आत काहीच गेले नसेल तर पुन्हा एकदा घालावे, थोडे जरी गेले असेल तर तेवढे पुरे. मग पापणी सोडायची आणि डोळा अलगद मिटायचा. येथे बहुतेकजण डोळा घट्ट आवळतात, आणि आवळला की मलम पिळून बाहेर येते. झोपेत मिटतो तितकाच मिटावा, आतल्या आत बुबुळ डावी-उजवीकडे फिरवावे, आणि १-२ मिनिटे तसेच पडून राहावे. चोळायचे मुळीच नाही. ओरखडा भरून येताना त्याच्यावर नवी नाजूक कातडी धरत असते, चोळल्याने ती निघून जाते. बाहेर आलेले मलम कापडाने टिपून घ्यावे.

ट्यूबचे टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. लागलेच तर स्वच्छ कापडाने पुसावे, थोडे मलम पिळून फेकावे आणि टोपण लावावे. थंडीत मलम घट्ट होते आणि जोराने दाबल्यावर एकदम भस्सकन बाहेर येते. तेव्हा ट्यूब दोन मिनिटे मुठीत धरावी. चुलीजवळ ठेवून तापवू नये. काही ठिकाणी ट्यूबऐवजी एकेका वेळचे मलम असलेल्या मऊ गोळ्या मिळतात. त्यांचे टोक उघडून याच पद्धतीने मलम खिशात पिळायचे असते, त्या गिळायच्या नसतात. एकीत थोडे उरले तरी ती संध्याकाळसाठी ठेवू नये.

आता काकांना ज्या गोष्टीने घाबरवले त्या धुक्याकडे येऊ. डोळ्याच्या मलमात औषध अगदी थोडे असते. बाकी सारे पेट्रोलियम जेली आणि तेलासारखे पातळ पॅराफिन. काचेच्या तावदानावर तूप फासले तर पलीकडचे जसे दिसेल तसेच ते असते. प्रकाश सरळ आत न जाता त्या स्निग्ध थरातून वेडावाकडा जातो, म्हणून सगळे पुसट दिसते, दिव्याभोवती वलय दिसते. डोळ्याला यात इजा होत नाही. याच स्निग्धपणाचा फायदा असा, की थेंबांचे औषध अश्रूंबरोबर काही मिनिटांत वाहून जाते आणि मलम मात्र बराच वेळ आत टिकून काम करते. रात्रीसाठी डॉक्टर थेंबांऐवजी मलम का देतात, त्याचे हेच कारण. शिवाय ओरखड्यावर ते तेलासारखे वंगण देते आणि पापणी लवताना टोचणे कमी होते.

हे धुके बहुतेकांना १० ते ३० मिनिटांत विरळ होते. मलम जास्त पडले असेल तर अधिक वेळ लागतो. म्हणून धूसरपणा फार वाटत असेल तर पहिला प्रश्न मापाचा विचारावा. तेवढा वेळ काय करायचे नाही, हे आमच्याकडे सांगणे भाग असते. कोयता-विळा हातात घ्यायचा नाही. चुलीपाशी बसायचे नाही. सायकल, मोटारसायकल चालवायची नाही. दगडावरून ओढा ओलांडायचा नाही. एकच डोळा धूसर असला तरी अंतराचा अंदाज चुकतो. ज्याचा दुसरा डोळा मोतीबिंदूने आधीच मंद आहे, त्याला तर त्या अर्ध्या तासात धरून न्यायला माणूस लागते. रात्री अंगणात उठून जावे लागते अशा म्हाताऱ्यांसाठी हे विशेष ध्यानात ठेवावे.

काकांना कापणीवर जायचेच होते. ५ दिवस घरी बसा असे सांगून काही उपयोग नव्हता, मजुरी बुडाली असती. मग वेळा त्यांच्या दिवसाप्रमाणे बांधून दिल्या. सकाळी उठून तोंड धुतल्यावर लगेच एकदा, म्हणजे भाकरी होईपर्यंत धुके निवते. दुपारच्या जेवणाला झाडाखाली बसतात तेव्हा दुसऱ्यांदा, जेवण आणि थोडी विश्रांती होईतो वेळ मिळतो. संध्याकाळी घरी हात-पाय धुतल्यावर तिसऱ्यांदा. आणि अगदी निजताना चौथ्यांदा. दुपारचे मलम शेतावर घालायचे म्हणून बरोबर पाण्याची बाटली आणि साबणाचा तुकडा न्यायला सांगितला. डोळ्याला उपरण्याने घट्ट बांधायचे मात्र नाही असे बजावले. पात्याने, काडीने झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधली की आत ऊब आणि ओल राहून जंतूंना फावते, आणि डोळा बिघडत असला तरी कोणाला दिसत नाही. उन्हासाठी टोपी किंवा साधा चष्मा पुरे.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असतील असेही त्यांना आधीच सांगितले. रात्रीचे मलम वाळून केसांवर बसते. त्याला पू समजू नये आणि ओढून पापण्या सोडवू नयेत. ओले कापड दोन मिनिटे वर ठेवले की सुटतात.

थेंब आणि मलम दोन्ही दिले असतील तर आधी थेंब घालावेत, निदान ५ मिनिटे थांबावे, मग मलम. उलट केले तर मलमाच्या तुपकट थरावरून थेंब ओघळून जातात.

एवढे झाल्यावर खरा कठीण प्रश्न राहतो : धुके मलमाचे की आजाराचे, हे घरी कसे ओळखायचे? मलमाचे धुके मलमानंतर येते आणि जाते. आजाराचे धुके मलमाची वाट पाहत नाही. म्हणून तपासायची वेळ सकाळची, दिवसातले पहिले मलम घालण्याच्या आधीची. पापण्या पुसून घ्याव्यात, चांगला डोळा तळहाताने झाकावा, बोटांनी दाबू नये, आणि दुखऱ्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे पाहावेत. रोज एकाच जागी उभे राहून, एवढेच पथ्य. वाचता येत नसेल तर समोरच्या माणसाची बोटे मोजावीत. ओरखड्यामुळे पहिल्या दिवशी थोडे कमी दिसणे साहजिक आहे, पण दर सकाळी ते कालच्यापेक्षा बरे असले पाहिजे. काकींनी हे काम घेतले. पहिल्या सकाळी काकांना फक्त महिन्याचे मोठे चित्र ओळखता आले, दुसऱ्या सकाळी तारखांचे मोठे आकडे दिसले, आणि तिसऱ्या सकाळी त्याखालचे बारीक छापलेलेही लागले, असे त्या सांगत आल्या. पुन्हा रंग घालून पाहिले तेव्हा हिरवी रेघ नव्हती.

प्रत्येक वेळी असे होत नाही. त्याच महिन्यात एक मावशी आल्या होत्या. त्यांनीही मलम अगदी बरोबर घातले होते, माप बरोबर, जागा बरोबर. पण सकाळचे दिसणे रोज कमी होत होते, ठणका वाढत होता, आणि बुबुळावर ज्वारीच्या कणीएवढा पांढुरका ठिपका आला होता. पानाच्या, काडीच्या, तुसाच्या जखमेतून कधी कधी बुरशी आत जाते. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूंवर चालते, बुरशीवर चालत नाही. मलम कितीही नीट घातले तरी तेथे उपयोग नाही, औषधच वेगळे लागते. त्यांना त्याच दिवशी गाडीत घालून डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा वण राहिला आणि त्या डोळ्याने पहिल्यासारखे दिसत नाही. दोन दिवस आधी आल्या असत्या तर वण लहान राहिला असता, असे तिकडच्या डॉक्टरांनी सांगितले. त्या का थांबल्या, असे विचारले तर उत्तर आले, “मलमानं धूसर दिसतं म्हणून सांगितलं होतं ना, मग तेच असेल असं वाटलं.”

हे ऐकल्यापासून मी ‘धूसर दिसेल, घाबरू नका’ एवढेच सांगून कधी थांबत नाही. अर्ध्या-पाऊण तासात जाईल, आणि सकाळच्या पहिल्या मलमाआधी नसेल, हे जोडूनच सांगते. सकाळी दिसणे कालच्यापेक्षा कमी असेल, दुखणे वाढत असेल, उजेड अधिक खुपत असेल, पू येत असेल किंवा बुबुळावर पांढरे काही दिसत असेल, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता यायचे. मलम घातल्यावर दर वेळी पापण्या सुजून खाज सुटत असेल, तर ते औषध सोसत नसेल. तेव्हा मलम थांबवून दाखवावे.

ट्यूब कोणती आहे हेही घरातल्या शिकलेल्या मुलाने एकदा वाचून पाहावे. डोळ्याच्या मलमावर ‘आय ऑइंटमेंट’ किंवा ‘ऑप्थॅल्मिक’ असे छापलेले असते. गजकर्णाच्या, खाजेच्या ट्यूबाही तशाच लहान असतात आणि त्याच डब्यात ठेवलेल्या असतात. त्या डोळ्यात गेल्या तर भयंकर आग होते. तसे झाले तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर सोडावी आणि दवाखाना गाठावा. डोळ्याच्याच मलमांत काहींमध्ये स्टेरॉईड असते. नावात डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन हे शब्द सापडतात. शेजारच्याला दिलेली अशी ट्यूब पात्याच्या ओरखड्यावर लावली तर दोन दिवस लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशी असेल तर ती मोकाट वाढते. डॉक्टरांनी डोळा पाहून दिल्याशिवाय ती वापरायची नाही. झाडपाल्याचा रस, मध किंवा आईचे दूधही उघड्या ओरखड्यात घालू नये. आमच्या पाड्यांवर हे प्रेमाने केले जाते, म्हणून कोणाला रागावून उपयोग नसतो. मी फक्त एवढे सांगते, की पानावर जे असते तेच जखमेत जाते, आणि पानानेच तर डोळा दुखावला आहे.

काकांचे ५ दिवस पूर्ण झाले तेव्हा ट्यूबमध्ये अर्ध्याहून जास्त मलम शिल्लक होते. ते काकींना टाकवेना. एक ट्यूब एकाच माणसाची, आणि उघडल्यापासून ४ आठवड्यांनी ती फेकायची, छापलेली मुदत पुढची असली तरी. म्हणून आता आम्ही ट्यूब देतानाच खोक्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहितो आणि तारखेशेजारी भाताचा एक दाणा चिकटपट्टीने लावून देतो.